कस्टमरच्या फोनवर आपला नंबर लाल दिसतोय? शिक्का कोण मारतंय ते आधी शोधा

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. आमचं एसी सर्व्हिसिंगचं काम आहे, वर्कशॉप रबाळ्याला आणि गिऱ्हाईक बहुतेक ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, थोडंफार ठाण्यात घोडबंदर साईडला. घणसोलीत एका काकूंकडे जायचं होतं. पोरगा टूलबॅग घेऊन गेटवर उभा, वॉचमन म्हणतो घरून फोन आल्याशिवाय सोडणार नाही, पोरगा काकूंना ऑफिसच्या नंबरवरून फोन करतोय आणि काकू उचलत नाहीत. चार वेळा केला. शेवटी मी योगायोगाने त्याच बाजूला होतो म्हणून गेलो, माझ्या स्वतःच्या नंबरवरून लावला, दुसऱ्या रिंगला उचलला. वर गेलो तर काकू म्हणाल्या, अहो सकाळपासून कुणीतरी लोनवाला त्रास देतोय हो. म्हटलं दाखवा बरं. पोराला म्हटलं लाव फोन. काकूंच्या हातातला फोन वाजला, अख्खी स्क्रीन लाल, वर Suspected spam आणि खाली आमच्या ऑफिसचा नंबर. बिलावर छापलेला, बॅनरवर छापलेला, टेम्पोच्या मागे रंगवलेला तोच नंबर.

त्या दिवसापासून जवळपास दोन महिने ह्याच्या मागे लागलो होतो. मधे दोन-तीन महामूर्खपणे केले तेही सांगतो, कारण हा प्रॉब्लेम एकदा गेला की परत येतो आणि दर वेळी लोक तेच करतात, म्हणजे सिम बदलतात.

पहिली गोष्ट जी मला माहीत नव्हती ती ही की असा शिक्का मारणारं कुठलंही एक सरकारी रजिस्टर वगैरे नाहीये. मला वाटायचं ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, तिच्याकडे कुठेतरी स्पॅम नंबरांची यादी असेल आणि सगळे फोन तिथून बघत असतील. तसं काही नाही. तीन वेगवेगळी माणसं समजा, तिघं आपापली वही ठेवतात, एकाच्या वहीत तुम्ही चोर असाल तरी दुसऱ्याच्या वहीत तुमचं नावही नसतं. पहिला म्हणजे फोनमधलं कॉलिंगचं अ‍ॅप, बऱ्याच अँड्रॉइड फोनवर गूगलचं फोन अ‍ॅप असतं ते. दुसरं ट्रूकॉलरसारखं वेगळं टाकलेलं अ‍ॅप. आणि तिसरं खुद्द नेटवर्क, म्हणजे ज्याला फोन येतोय त्याची सिम कंपनी. एअरटेलने सप्टेंबर 2024 मध्ये हे नेटवर्कच्या पातळीवर चालू केलं, कुठलंही अ‍ॅप न टाकता त्यांच्या ग्राहकाला कॉलवर सस्पेक्टेड स्पॅम असं दिसतं, आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडवर मराठीसकट दहा भारतीय भाषांत सूचना यायला लागली. त्यामुळे एखादा कस्टमर म्हणतो तुमचा नंबर लाल येतो आणि दुसरा म्हणतो छे हो काहीच येत नाही, तर दोघंही खरं बोलत असतात.

आणि हे तीन वेगळे असल्यामुळे कुणाकडे तक्रार करायची, काय बदलायचं हे सगळं शिक्का कुणाचा आहे त्यावर ठरतं. मी आधी आमच्या सिमच्या कंपनीच्या गॅलरीत जाऊन भांडून आलो. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, सर तुमच्या सिमवरून कॉल जातो, लेबल समोरच्याच्या फोनवर किंवा समोरच्याच्या नेटवर्कवर लागतं, आम्ही तुमच्या नंबरला काही लावलेलं नाही. मला तेव्हा राग आला होता, पण बरोबर होतं तिचं.

तर टेस्ट. घरी चार फोन गोळा केले, बायकोचा, भाच्याचा, वर्कशॉपमधल्या पोराचा आणि आईचा कीपॅडवाला. ऑफिसच्या नंबरवरून एकेकाला लावला आणि कुठेच काही नाही! सगळीकडे छान आमच्या दुकानाचं नाव. दहा मिनिटं खूश होतो, मग भाचा म्हणाला, मामा, आमच्या सगळ्यांकडे नंबर सेव्ह आहे. आता सेव्ह असलेल्या नंबरवर स्पॅमचा शिक्का दिसतच नाही, तिथे तुम्ही ठेवलेलं नाव दिसतं. म्हणजे टेस्ट करायच्या आधी त्या फोनमधून आपला नंबर उडवायचा, आणि गूगल अकाउंटला सिंक असेल तर तिथूनही गेलाय ना बघायचं. ही चूक मी एकट्यानेच केलेली नाही, रबाळ्यातल्या शेजारच्या फ्रीजवाल्यानेही हेच करून मला सांगितलं होतं की आमचा नंबर क्लीन आहे म्हणून.

नंबर उडवल्यावर परत लावला. पोराच्या फोनवर कॉलर आयडीचं अ‍ॅप होतं, तिथे लाल पट्टी आली आणि आमच्या नावाच्या जागी कुणीतरी ठेवलेलं नाव, एसी वाला स्पॅम. बायकोच्या फोनमध्ये असलं अ‍ॅप नाही पण गूगलचं फोन अ‍ॅप आहे, तिथे साधा नंबर आला, काही लाल नाही. भाच्याच्या फोनवर सस्पेक्टेड स्पॅम आलं, आणि त्याच्याकडेही वेगळं अ‍ॅप नाही, फोन अ‍ॅप मात्र बायकोसारखंच गूगलचं. आईच्या कीपॅडवर नुसता नंबर.

भाच्याची केस मजेशीर होती म्हणून तिथे थांबलो. एकच अ‍ॅप, मग बायकोकडे नाही आणि त्याच्याकडे का? दोघांची सिम वेगळ्या कंपनीची. खात्री करायला त्याच्या फोन अ‍ॅपमध्ये वरच्या तीन टिंबांवरून Settings, त्यात Caller ID & spam, त्यात See caller & spam ID म्हणून जे बटण असतं ते बंद केलं. मोबाईल डेटा बंद, वायफाय बंद. परत लावला. तरीही सस्पेक्टेड स्पॅम. म्हणजे फोनमधल्या कुठल्याही गोष्टीने ते लावलेलं नव्हतं, कॉलबरोबर नेटवर्ककडूनच ते नाव येत होतं. हीच ओळखायची खूण आहे. अ‍ॅपचं सेटिंग बंद केल्यावर लाल गेलं तर शिक्का अ‍ॅपचा, सेटिंग आणि डेटा दोन्ही बंद असूनही राहिलं तर नेटवर्कचा. नुसता डेटा बंद करून निकाल लावू नका, कारण काही अ‍ॅप जास्त बदनाम नंबरांची यादी फोनमध्येच उतरवून ठेवतात, नेट नसतानाही लाल दाखवतात.

अजून एक, गूगलच्या त्याच सेटिंगमध्ये खाली Filter spam calls असंही एक बटण असतं. ते ज्याने चालू ठेवलंय त्याचा फोन संशयित कॉलला वाजतच नाही, मिस कॉलचं नोटिफिकेशनही येत नाही, फक्त कॉल हिस्टरीत पडलेला असतो. आमचा एक माजिवड्याचा कस्टमर देवाची शपथ घेऊन सांगत होता की फोन आलाच नाही, पोरगा म्हणत होता तीनदा लावला, मी पोरालाच झापलं होतं. नंतर त्यांच्या हिस्टरीत तिन्ही कॉल सापडले. पोराची माफी मागितली, वडापाव खिलवला, विषय संपला.

आता मुख्य गोष्ट, हे लोक ठरवतात कशावरून. तुमचं बोलणं कुणी ऐकून नाही ठरवत हो, रिंग वाजायच्या आधीच लेबल लागलेलं असतं, तेव्हा बोलणं झालेलंच नसतं. नंबरच्या वागण्यावरून ठरतं. एअरटेलने स्वतः जाहीर केलेलं आहे की त्यांची सिस्टीम कॉल करणाऱ्याची वापराची पद्धत, कॉल आणि मेसेज किती वारंवार होतात, कॉल किती वेळ चालतो असल्या गोष्टी बघते, आणि रोज 250 कोटी कॉल 2 मिलिसेकंदांत तपासते. इतक्या वेगात तुमचा धंदा खरा की खोटा हे कोण बघणार, आकड्यांचा नमुना बघायचा आणि पुढे. अ‍ॅपवाल्यांकडे वर अजून एक गोष्ट असते, लोकांनी दाबलेलं ब्लॉक आणि रिपोर्टचं बटण, आणि लोकांनी तुमच्या नंबरला दिलेली नावं. नेटवर्कला वागणूक जास्त दिसते, अ‍ॅपला लोकांचा राग जास्त दिसतो, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलंय.

मग मी ऑफिसच्या फोनची हिस्टरी उघडून बसलो, वही पेन घेऊन. एप्रिलातला एक शुक्रवार घेतला. आमच्याकडे मोसमात जुन्या कस्टमरना आठवण करायचे फोन जातात, एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार संपलाय परत घ्या, सर्व्हिसिंगला डिस्काउंट आहे वगैरे. त्या दिवशी सकाळी 10 ते 1 मध्ये पोराने 94 फोन केले होते. उचलले 31 जणांनी. त्यातले 22 कॉल 15 सेकंदांच्या आत संपलेले, म्हणजे नमस्कार एसी सर्व्हिसिंगमधून बोलतोय, नको नको, कट. न उचललेल्यांपैकी बऱ्याच जणांना त्याने लगेच परत लावलेला, काहींना तीनदा. आणि उलट फोन आले किती? दिवसभरात 4.

हे मी वहीत लिहिलं आणि स्वतःच हसलो, कारण नाव झाकून ही वही मला कुणी दाखवली असती तर मीच म्हटलं असतं हा लोनवाला आहे. थोड्या वेळात भरपूर वेगवेगळ्या नंबरांना कॉल, बहुतेकांनी न उचललेले, उचललेले तेही चुटकीसरशी संपलेले, उलटे फोन जवळजवळ नाहीत, आणि समोरच्यांच्या फोनमध्ये आपण सेव्ह नाही. स्पॅमवाला ह्याहून वेगळं काय करतो? माझा स्वतःचा नंबर बघा, बारा वर्षं जुना, दिवसाला वीस-पंचवीस कॉल, अर्धे येणारे, कॉल दोन दोन मिनिटं चालतात, तो कुठेच लाल नाही. धंदा तोच, माणसं तीच.

आणि हे फिरतं चक्र असतं. एकदा लाल झालं की लोक उचलत नाहीत, उचलत नाहीत म्हणून पोरगा जास्त वेळा लावतो, जास्त वेळा लावला म्हणून आकडे अजून बिघडतात, आणि लाल बघून चिडलेला माणूस रिपोर्ट दाबतो. पोराच्या फोनमधल्या अ‍ॅपवर आमच्या नंबरचं पान उघडलं तर किती जणांनी स्पॅम म्हटलंय आणि हा नंबर साधारण कुठल्या वेळेला फोन करतो तेही दिलेलं होतं. सकाळी 10 ते 1. आमचं हजेरीपुस्तकच छापलंय की काय असं वाटलं.

आता मूर्खपणा. हे सगळं कळायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात, मी सरळ नवीन सिम आणलं. म्हटलं जाऊ दे ती कटकट, नवा नंबर, नवी पाटी. नवा नंबर पहिल्याच दिवशी लाल! एकही फोन न करता. अ‍ॅपवर त्याचं नाव होतं लोन रिकव्हरी आणि पुढे एक शिवी. झालं असं की नंबर कधी नवीन नसतोच, बंद झालेले नंबर परत फिरवतात. नियम असा आहे की बंद झालेला नंबर निदान 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत, पण 90 दिवसांत लोकांच्या वहीतली नावं थोडीच पुसली जातात. आधीच्या मालकाची अब्रू तुमच्या गळ्यात. म्हणून आता मी सगळ्यांना सांगतो, नवीन सिम घेतलं तर बिलं, स्टिकर, बॅनर छापायच्या आधी दोन-तीन फोनवर नंबर सेव्ह न करता लावून बघा, अ‍ॅपवर शोधून बघा, आणि घाण निघाली तर तेव्हाच बदलून घ्या.

बरं नंबर स्वच्छ निघाला तरी नव्या सिमवरून पहिल्याच आठवड्यात शंभर शंभर फोन करणं म्हणजे आ बैल मला मार. त्या सिमला येणारे फोन नाहीत, जुनी ओळख नाही, फक्त जाणारे फोन. मी लोन रिकव्हरीनंतर अजून एक सिम घेतलं होतं, ते स्वच्छ होतं, त्याच पद्धतीने वापरलं, तिसऱ्या दिवशी भाच्याच्या फोनवर सस्पेक्टेड स्पॅम. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला की नंबर बदलून काही होणार नाही, आपण फोन कसे करतो ते बदलायला पाहिजे.

मग काय बदललं. एएमसी संपलेल्यांना फोन करणं बंद. पूर्ण बंद. ह्याला दुसरंही कारण आहे, ते लेबलपेक्षा गंभीर आहे. दहा आकडी साध्या मोबाईल नंबरवरून जाहिरातीचे फोन करणं मुळात नियमातच बसत नाही, त्यासाठी 140 ने सुरू होणारी सीरिज रजिस्टर करून घ्यावी लागते, आणि बँका वगैरेंच्या सेवेच्या कॉलसाठी 1600 ची आहे. एएमसी चालू असलेल्या कस्टमरला उद्या सकाळी माणूस येतोय हे सांगणं ही सेवा झाली, संपलेल्याला परत घ्या म्हणून मागे लागणं ही जाहिरात. आणि लाल लेबल ही फक्त बदनामी आहे पण 1909 वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर कुणी तक्रार टाकली तर ती खरी तक्रार असते. फेब्रुवारी 2025 मध्ये नियम कडक झाले, आता 10 दिवसांत 5 तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते, आधी 7 दिवसांत 10 लागायच्या. तक्रार करायलाही ग्राहकाला आता 7 दिवस मिळतात, आधी 3 होते. कारवाई म्हणजे जाणारे फोन बंद होण्यापर्यंत जाऊ शकतं. एसीच्या मोसमात पंधरा दिवस फोन बंद पडला तर मी काय करायचं, पंखे विकायचे का. ह्या दोन गोष्टी लोक एकच समजतात, म्हणजे लाल दिसलं की वाटतं ट्रायने पकडलं आणि लाल गेलं की वाटतं सुटलो. तसं नाही, लाल नसतानाही तक्रारी साचू शकतात.

ज्यांना फोन करायचेच आहेत, म्हणजे त्या दिवशीच्या व्हिजिटवाले, त्यांना आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर पोराचं नाव, वेळ आणि हा नंबर सेव्ह करून ठेवा असं एक वाक्य. ते सेव्ह करतील की नाही त्यांची मर्जी, पण निम्मे करतात आणि जो करतो त्याच्यापुरता प्रश्न तिथेच संपतो. फोन दिवसभरात पसरून करायचे, सकाळी गठ्ठा नाही. नाही उचलला तर लगेच परत लावायचा नाही, मेसेज टाकायचा की एसीसाठी फोन केला होता, सोयीने करा. ह्याने एक वेगळाच फायदा झाला, लोक उलट फोन करायला लागले, आणि येणारे फोन वाढले की नंबर माणसासारखा दिसायला लागतो. बिलावरही आता मोठ्या अक्षरात लिहिलंय, तक्रार असेल तर ह्याच नंबरवर फोन करा.

गूगलच्या फोन अ‍ॅपसाठी एक सोपी गोष्ट सुटली होती. गूगल मॅपवर आमचं दुकान आहे पण तिथे नंबर माझा पर्सनल होता, ऑफिसचा नव्हताच. गूगलचं कॉलर आयडी धंद्याची नावं बिझनेस प्रोफाइलमधून उचलतं, तर तिथे ज्या नंबरवरून फोन जातात तोच टाकला पाहिजे. टाकला, काही दिवसांनी बायकोच्या फोनवर सेव्ह नसताना दुकानाचं नाव यायला लागलं.

अ‍ॅपवाल्या शिक्क्यासाठी ओळखीच्या कस्टमरना विनंती केली की कॉलच्या नोंदीवर जाऊन Not spam दाबा. वीसेक जणांनी केलं असेल. एक गोष्ट इथे नीट सांगतो, ट्रूकॉलरवरून नंबर काढायला truecaller.com/unlisting आहे, आधी अ‍ॅपमधून आपलं अकाउंट बंद करावं लागतं आणि मग नंबर +91 लावून टाकायचा, पण ते आपलं नाव-नंबर यादीतून काढायला आहे. धंद्याच्या नंबरला नाव दिसणं हीच तर गरज आहे, ते काढून काय मिळणार. त्यापेक्षा अकाउंट उघडून दुकानाचं खरं नाव टाकलेलं बरं, म्हणजे एसी वाला स्पॅमच्या जागी नीट नाव तरी दिसेल. आणि बाजारात काही जण पैसे घेऊन सगळीकडचा स्पॅम काढून देतो म्हणतात, एकाने माझ्याकडे पाच हजार मागितले होते. तीन वेगळ्या वह्या आहेत, हा एकटा तिन्हीत कुठून खोडरबर चालवणार? दिले नाहीत.

माझ्या बाबतीत क्रम असा झाला. पद्धत बदलल्यावर साधारण तीन आठवड्यांत भाच्याच्या फोनवरचं नेटवर्कचं लेबल गेलं, कुणाला अर्ज न करता, फक्त आकडे सुधारले म्हणून. पोराच्या अ‍ॅपवरचं लाल मात्र चिवट निघालं, दोन महिने लागले, कारण तिथे लोकांनी हाताने दाबलेले रिपोर्ट होते आणि तेवढ्याच हातांनी ते धुवावे लागतात. तुमच्याकडे कमी-जास्त लागेल. फक्त तपासायच्या नादात रोज तीस तीस टेस्ट कॉल करून दोन सेकंदांत कट करत बसू नका, मी केलंय ते, म्हणजे ज्या रोगाचं औषध घेतोय तोच रोग वाढवणं आहे. आठवड्यातून एकदा, दोन फोनवर, उचलून मिनिटभर बोला.

ह्याच सगळ्यातून एक गोष्ट कळली ती घरच्यांनाही सांगितली, खास करून आईला. लेबल जर वागण्यावरून लागत असेल तर ज्याचं वागणं स्पॅमसारखं नाही त्याला ते लागणारच नाही. ते पोलीस बोलतोय म्हणून घाबरवणारे असतात ना, डिजिटल अरेस्टवाले, ते कुठे शंभर जणांना दहा दहा सेकंद फोन करतात? एकाच माणसाला पकडून तासन् तास लाइनवर ठेवतात, बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलवर नेतात आणि तो कॉल सिमच्या नेटवर्कवरून कॉल म्हणून जातच नाही. तिथे स्क्रीन लाल होईल ह्या भरवशावर बसू नका. म्हणजे उलटा न्याय आहे, एसीवाला लाल आणि तो पांढराशुभ्र. असल्या कॉलची खबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू म्हणून सोय आहे तिथे देता येते, पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.

घणसोलीच्या काकूंनी नंबर सेव्ह केला, नाव ठेवलंय एसीवाला लोन नाही. मी म्हटलं काकू बदला ना, तर म्हणाल्या असू दे, लक्षात राहतं. आता हे नाव कुठल्या अ‍ॅपने उचललं तर अजून एक भानगड, म्हणून त्यांच्या फोनमध्ये असलं अ‍ॅप आहे का ते मी गुपचूप बघून घेतलं, नाहीये.

आणि ते लोन रिकव्हरीवालं सिम अजून ड्रॉवरमध्ये जुन्या फोनमध्ये पडलंय, रिचार्ज संपेपर्यंत चालू ठेवलंय. आठवड्यातून एखादा फोन येतो. परवा वर्कशॉपमध्ये पोराने चुकून उचलला तर पलीकडून एक बाई अर्धा मिनिट न थांबता बोलल्या, हप्ता भरलाय, पावती आहे, परत फोन केलास तर बघ. पोरगा एवढंच म्हणाला, ताई, तुम्हीच केलाय फोन.